पेपरातला ‘बेडा’ अन् प्रबंधाचा रकाना



आपल्या जिल्ह्यात पेपरचं एक पान असं आहे की ज्याच्यावर आपलं नाव हमखास येते. ते पान म्हणजे गुन्ह्याच्या बातम्यांचं. वनहक्काचा दावा मंजूर झाला, ग्रामसभेनं ठराव घेतला, पोट्टी बारावीत पहिली आली, ते छापून येईल न येईल. पण बेड्यावर धाड पडली की दुसऱ्या दिवशी ‘वॉशआऊट मोहीम’ म्हणून मथळा तयार. आंजीच्या बाजारात चहाच्या टपरीवर तो पेपर पाच-पंचवीस लोक वाचतात, अन् त्या दिवशी बेड्यावरची बाई बाजारात आली का तिच्याकडे कसं पाह्यलं जाते ते आपल्याला कोणी सांगायची गरज नाही.

आता या बातम्यांवर विद्यापीठातले विद्यार्थी प्रबंध लिहू लागले आहेत. ही गोष्ट चांगली आहे असं आधी वाटलं होतं. मागच्या हंगामात एक विद्यार्थी आपल्याकडं आला होता. कोणत्या विद्यापीठाचा ते लिहीत नाही. त्याच्याजवळ छापील तक्ता होता. इंग्रजीत त्याला कोडिंग शीट म्हणतात, आपण ‘नोंदतक्ता’ म्हणू. त्या तक्त्यात एक रकाना होता : ‘आरोपी गुन्हेगार जमातीचा आहे का? होय / नाही.’

आमचं भांडण या रकान्याशी आहे. त्या पोराशी नाही, पोरगा साधा होता. ‘गुन्हेगार जमात’ हा शब्द इंग्रज सरकारनं १८७१ च्या कायद्यानं बनवला. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला. त्यानंतर या देशात कायद्याच्या दृष्टीनं एकही जमात गुन्हेगार नाही. (सराईत गुन्हेगारांचे कायदे मागच्या दारानं आले, मुंबई राज्यात १९५९ चा आला, ते खरं. पण ते कायदे एकेका माणसावर चालतात, जमातीवर नाही, असं कागदावर तरी लिहिलं आहे.) म्हणजे पेपरवाला जी चूक करतो, तीच चूक प्रबंधवाल्यानं आधीच रकान्यात छापून ठेवली. मग तो शंभर बातम्या मोजो की हजार, निघणार काय? जे रकान्यात टाकलं तेच निघणार. अन् त्यावर मोहर विद्यापीठाची. उद्या कोणी म्हणेल, संशोधनातच आलं आहे बापा.

म्हणून आमचं म्हणणं असं आहे की हा तक्ता आपण शिकून घ्यावा, स्वतः बनवावा, अन् जे पोट्टे-पोट्टी आपल्यातून कॉलेजात गेले आहेत त्यांनी प्रबंधात तोच वापरावा. काम अवघड नाही. ज्याला तेंदूच्या पुड्याचा हिशेब ठेवता येते त्याला हे येईल. पण हिशेब कच्चा राहिला की फडीवर जसं मुंशी आपल्याला फसवतो, तसंच इथंही फसायला होते. म्हणून जरा सावकाश सांगतो.

पहिली गोष्ट, मोजायचं काय. प्रबंधाच्या भाषेत याला ‘आशय विश्लेषण’ म्हणतात. बर्नार्ड बेरेलसन नावाच्या अमेरिकन माणसानं १९५२ साली यावर पुस्तक लिहिलं. त्याचा मुद्दा असा की जे छापलेलं डोळ्याला दिसते तेवढंच मोजा, अन् असं मोजा की दुसऱ्या माणसानं तेच पेपर घेऊन मोजलं तर तेच निघालं पाहिजे. पेपरवाल्याच्या मनात काय होतं ते मोजता येत नाही. तो जातीयवादी आहे का, हे तक्ता सांगत नाही. बातमीत कोण बोललं, कोणाला बोलू दिलं नाही, कोणाचा समाज लिहिला अन् कोणाचा नाही, एवढं तक्ता सांगतो. तेवढं आपल्याला पुरे आहे.

हे काम आपल्या आधी करून दाखवणारी एक बाई होऊन गेली. आयडा वेल्स तिचं नाव, अमेरिकेतली काळी बाई, गुलामीत जन्मलेली. तिकडे काळ्या माणसांना जमाव झाडाला लटकवून मारत, अन् गोऱ्यांचे पेपर लिहीत की यानं गोऱ्या बाईवर अत्याचार केला होता म्हणून मारलं. आयडा वेल्सचा स्वतःचा लहानसा पेपर होता मेम्फिस शहरात. तिनं या खोटेपणावर लिहिलं तर १८९२ साली जमावानं तिचं छापखानं मोडून टाकलं. मग तिनं काय केलं? स्वतःची माहिती दिली तर कोणी खरी मानणार नाही हे तिला समजलं होतं. म्हणून तिनं गोऱ्यांच्याच ‘शिकागो ट्रिब्यून’ पेपरात छापलेल्या याद्या घेतल्या अन् त्यात कारण काय लिहिलं आहे ते एक एक मोजलं. १८९५ च्या तिच्या पुस्तकात तो हिशेब आहे. त्यांच्याच कागदावरून तिनं दाखवलं की बहुतेक ठिकाणी अत्याचाराचा आरोपसुद्धा नव्हता. कोणावर चोरीचा संशय होता, कोणी गोऱ्यासमोर बोलला होता, अन् कोणाच्या बाबतीत काहीच कारण दिलं नव्हतं.

आपल्याला हेच करायचं आहे. त्यांचाच कागद, त्यांचेच शब्द, हिशेब आपला.

आता तक्त्याकडं येऊ. नुसतं सांगून समजणार नाही, म्हणून एक बातमी घेऊ. ही बातमी कोणत्या पेपरातली नाही, आम्हीच नमुन्यासाठी रचली आहे, पण तुम्ही वाचलं तर म्हणाल की ही तर कालच वाचली :

‘पारधी बेड्यावर धाड, ६८ हजारांचा मुद्देमाल नष्ट. (तालुका प्रतिनिधी) आगामी पोळा सणाच्या पार्श्वभूमीवर पोलिसांनी पारधी बेड्यावर वॉशआऊट मोहीम राबविली. झुडपात व जमिनीत दडवून ठेवलेला मोहा सडवा, लोखंडी ड्रम, जर्मनी घमेले व गावठी मोहा दारू असा एकूण ६८ हजारांचा मुद्देमाल जागीच नष्ट करण्यात आला. आरोपी पवार (वय ३५) हिच्याविरुद्ध दारूबंदी कायद्याच्या कलम ६५ अन्वये गुन्हा दाखल करण्यात आला. ही कारवाई ठाणेदारांच्या मार्गदर्शनात पथकाने केली.’

एक बातमी म्हणजे एक ओळ. तक्त्यात आडवी एक ओळ एका बातमीची, उभे रकाने प्रश्नांचे. एका मथळ्याखाली जेवढं छापलं ते सर्व एक बातमी. तोच मजकूर आतल्या पानावर पुढे चालू असेल तरी एकच. हे आधी ठरवलं नाही तर एक माणूस दोन मोजेल, दुसरा एक, अन् तिथूनच भांडण सुरू होईल.

सुरुवातीचे रकाने ओळखीचे आहेत : बातमीचा क्रमांक, पेपरचं नाव, आवृत्ती, तारीख, पान, किती कॉलम, फोटो आहे की नाही. यात ‘आवृत्ती’ हा रकाना लोक सोडून देतात अन् तिथंच मोठी गफलत होते. आपल्याकडे येणारे बहुतेक मोठे पेपर नागपूरहून निघतात. नागपूर शहरात जो अंक विकला जातो तो वेगळा अन् वर्धा जिल्ह्याच्या पानासोबत आपल्याकडे येतो तो वेगळा. शहरातल्या ग्रंथालयात बसून शहराचा अंक चाळला तर बेड्यावरच्या धाडीची बातमी दिसणारच नाही. मग प्रबंधात लिहितील की ‘आदिवासींविषयी नकारात्मक बातम्यांचं प्रमाण नगण्य’. नगण्य नाही राजेहो, तुम्ही वर्ध्याचं पानच उघडलं नाही.

मग येते कामाचे रकाने. पहिला : समाजाचं नाव बातमीत आलं का. इथं ‘होय’ अन् ‘नाही’ एवढ्यानं भागत नाही. वरची बातमी पहा. ‘पारधी’ हा शब्द आला आहे, पण आरोपीच्या नावापुढं नाही, जागेच्या नावात आला आहे. पेपरवाल्याला विचाराल तर तो म्हणेल, त्या जागेचं नावच पारधी बेडा आहे, मी काय करू? त्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. म्हणून या रकान्यात चार खुणा ठेवायच्या. १ म्हणजे माणसाला थेट त्या समाजाचा म्हटलं, जसं ‘पारधी महिलेस अटक’. २ म्हणजे फक्त जागेच्या नावातून समाज आला. ३ म्हणजे माणसाला अन् जागेला दोन्हीला लावलं. ० म्हणजे कुठंच नाही. आपली बातमी २ मध्ये जाते. सोबत दुसरा लहान रकाना : समाजाचं नाव मथळ्यात आहे की फक्त मजकुरात. कारण टपरीवर अर्धे लोक मथळाच वाचतात.

अन् आडनावावरून समाज ओळखायचा नाही. हे नीट ध्यानात ठेवा. पारध्यांत पवार आहेत, भोसले आहेत, काळे आहेत, चव्हाण आहेत. अन् तीच आडनावं मराठ्यांत आहेत. वरच्या बातमीत नुसतं ‘पवार’ असतं अन् बेड्याचं नाव नसतं तर ते ० मध्येच टाकावं लागलं असतं. उलट मडावी, आत्राम, उईके, कुमरे लिहिलं की विदर्भातला वाचक लगेच समजतो की गोंड आहे, समाज लिहिण्याची गरजच नाही. म्हणून आडनावाचा रकाना वेगळा ठेवा, पण तो समाजाच्या रकान्यात मिसळू नका. मिसळला तर समोरचा परीक्षक पहिल्याच प्रश्नात तुमचा तक्ता फाडेल, अन् तो फाडेल ते बरोबरच असेल.

दुसरा कामाचा रकाना : बातमी कोणाच्या तोंडून आली. पोलीस, वनखातं, उत्पादन शुल्क खातं, आरोपी, आरोपीच्या घरचे, ग्रामसभा किंवा सरपंच, वकील, कोर्ट, बातमीदारानं स्वतः पाहिलेलं. यात एकच खूण नाही करायची. प्रत्येकाला आपला उभा रकाना द्यायचा, आला तर १, नाही आला तर ०. वरच्या बातमीत पोलिसांच्या रकान्यात १, बाकी सगळीकडे ०. बातमीत ‘पोलिसांनी सांगितले’ असं लिहिलेलंही नाही. पण पथकाची माहिती, कलम, किंमत हे सर्व पोलिसांच्या प्रेसनोटवाचून येऊच शकत नाही. तरीही हे अंदाजाचं काम झालं. म्हणून नियम लिहून ठेवायचा : ‘स्रोताचं नाव छापलं नसेल पण कारवाईचा तपशील फक्त एकाच खात्याजवळ असू शकतो, तर त्या खात्याला २ लिहावा.’ १ म्हणजे नाव घेऊन, २ म्हणजे नाव न घेता. हे दोन वेगळे ठेवले की शेवटी दिसून येते की किती बातम्या प्रेसनोट जशीच्या तशी उतरवून झाल्या आहेत.

बातमीदाराला शिव्या देण्यासाठी हे नाही. तालुक्याचा वार्ताहर पुष्कळदा बिनपगारी असतो, त्याला जाहिराती गोळा करून दलालीवर भागवावं लागते. ठाण्यातून प्रेसनोट आली, ती पाठवली, झालं. बेड्यावर जाऊन विचारायला त्याला कोण पेट्रोल देते? पण कारण काहीही असो, बेड्यावरची बाई बोलली नाही हे तर खरं. ते ० तक्त्यात दिसलंच पाहिजे.

तिसरा : मुद्देमालाची किंमत. ६८ हजार. ही किंमत कोणी ठरवली? पंचनाम्यात पोलिसांनी. सडवा म्हणजे पाण्यात भिजवून सडवलेला मोहा, त्याचा बाजारात भाव नाही, ड्रम अन् घमेलं जुनं. म्हणून हा आकडा तक्त्यात ‘बातमीत दिलेली किंमत’ म्हणून लिहायचा अन् त्याची बेरीज करायची नाही. काही जणांनी वर्षभराच्या किमतीची बेरीज करून ‘जिल्ह्यात इतक्या लाखांचा अवैध धंदा’ असं काढलं तर तो पेपरचा अभ्यास राहत नाही, पोलिसांच्या आकड्याची टाळ्या वाजवून वाहवा होते.

चौथा रकाना आपल्या चळवळीचा आहे, विद्यापीठातल्या कोणत्याच तक्त्यात आम्ही पाहिला नाही. बातमी जर जंगलाच्या गुन्ह्याची असेल, म्हणजे ‘वनजमिनीवर अतिक्रमण’, ‘अवैध वृक्षतोड’, ‘मोहफूल जप्त’, तर पहा की बातमीत वनहक्क कायद्याचा उल्लेख आहे का. २००६ च्या कायद्याच्या कलम ४(५) मध्ये लिहिलं आहे की दाव्याची पडताळणी अन् मान्यतेची प्रक्रिया पूर्ण होत नाही तोवर ताब्यातल्या जमिनीवरून कोणाला हटवायचं नाही. अन् कलम ३(१)(ग) गौण वनोपजाची मालकी आपल्याला देते. बातमीत ‘अतिक्रमणधारक’ लिहिलं अन् त्या माणसाचा दावा उपविभागीय समितीकडं पडून आहे हे लिहिलं नाही, तर ती बातमी अर्धी आहे. खुणा अशा : १ दाव्याचा उल्लेख आहे, ० नाही, ९ लागू नाही. चोरी-मारामारीच्या बातमीत ९ टाकायचा, ० नाही. ० अन् ९ यांची गल्लत केली की टक्केवारी पूर्ण बिघडते, काहून की मग चोरीच्या बातम्यांतसुद्धा ‘वनहक्काचा उल्लेख नाही’ म्हणून मोजलं जाईल अन् आपलंच म्हणणं फुगवून सांगितल्यासारखं होईल.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. फक्त बेड्यावरच्या बातम्या मोजून काहीच सिद्ध होत नाही. समजा पन्नास बातम्यांत चाळीसदा समाजाचं नाव आलं. तुम्ही म्हणाल, पहा! पण समोरचा विचारेल, बाकी लोकांच्या बातमीत किती वेळा येते? तुमच्याजवळ उत्तर नाही. म्हणून त्याच काळातल्या, त्याच पेपरातल्या, दारूच्या गुन्ह्याच्या सर्व बातम्या घ्यायच्या. वर्ध्यात दारूबंदी आहे, तर विदेशी दारूच्या पेट्या गाडीतून पकडल्याच्या बातम्याही येतात. त्यात आरोपीचा समाज लिहितात का? त्याच्या वस्तीला त्याच्या जातीच्या नावानं ओळखतात का? गाडीचा नंबर लिहितात, मॉडेल लिहितात. दोन ढिगांना एकाच तक्त्यातून काढायचं, अन् मग शेजारी ठेवायचं. आपला सगळा मुद्दा या दोन ढिगांच्या फरकात आहे. फरक निघाला नाही तर तेही छापायचं.

पेपर किती दिवसांचे घ्यायचे? प्रबंधवाले एक युक्ती वापरतात, ‘रचलेला आठवडा’. वर्षातल्या सगळ्या सोमवारांतून चिठ्ठी टाकून एक सोमवार, सगळ्या मंगळवारांतून एक मंगळवार, असे सात दिवस. डॅनियल रिफ अन् त्याच्या सोबत्यांनी १९९३ मध्ये तपासून सांगितलं की दैनिकाच्या एका वर्षासाठी असे दोन आठवडे, म्हणजे चौदा अंक पुरतात. हे सर्वसाधारण बातम्यांसाठी ठीक आहे. पण वॉशआऊटच्या बातम्या रोज येत नाहीत. त्या झुंडीनं येतात, पोळ्याच्या आधी, होळीच्या आधी, निवडणुकीच्या तोंडावर. चौदा चिठ्ठ्यांत पोळ्याचा आठवडा सुटला तर धाडी नाहीतच असं निघेल, अन् नेमका पोळ्याचाच दिवस आला तर रोजच धाडी असं निघेल. म्हणून आमचं मत असं की या कामाला चिठ्ठी नको, वर्षाचे सगळे अंक पहा. एका पेपरचे वर्षाचे साडेतीनशेच्या वर अंक होतात. दोन पोट्टे रोज दहा अंक पाहतील तर सव्वा महिन्यात होते. गुन्ह्याच्या सर्व बातम्यांचा मोठा अभ्यास करायचा असेल तर मात्र रचलेले आठवडे घ्या.

आता हे खरं मोजलं आहे हे कोण मानेल? आपण चळवळीचे लोक, ते म्हणतीलच की यांनी हवं तसं भरलं. त्याला एकच उपाय. दोन माणसांनी वेगवेगळं बसून, एकमेकांना न विचारता, त्याच बातम्या भरायच्या, अन् मग जुळवायचं. एक आपल्यातला असावा, दुसरा शक्य तर चळवळीच्या बाहेरचा, एखादा मास्तर चालेल.

जुळवताना फसवणूक कुठं होते ते उदाहरणानं सांगतो. समजा चाळीस बातम्या आहेत अन् रकाना आहे ‘आरोपीची बाजू छापली का’. पहिल्यानं चार ठिकाणी ‘होय’ टाकलं, दुसऱ्यानंही चार ठिकाणी. पण दोघांचं ‘होय’ एकाच बातमीवर पडलं असं फक्त दोनदा. चौतीस ठिकाणी दोघांचंही ‘नाही’. म्हणजे जुळलं चाळीसातून छत्तीस, नव्वद टक्के. प्रबंधात लिहायला मस्त दिसते. पण पहा, दोघांनीही दहातल्या नऊ वेळा ‘नाही’च टाकलं आहे. बातमी न वाचता डोळे मिटून टाकलं असतं तरी पुष्कळ जुळलं असतं. किती? ‘नाही’वर दोघांचं योगायोगानं जुळणं म्हणजे ०.९ गुणिले ०.९, ०.८१. ‘होय’वर ०.१ गुणिले ०.१, ०.०१. बेरीज ०.८२. म्हणजे ८२ टक्के तर फुकटच जुळणार होतं. आपली खरी कमाई ९० मधून ८२ वजा, ८. अन् कमावता येण्यासारखं होतं १०० मधून ८२ वजा, १८. आठ भागिले अठरा, ०.४४. याला कोहेनचा कप्पा म्हणतात, जेकब कोहेन या माणसानं १९६० मध्ये मांडला. ०.८ च्या वर असेल तर विश्वास ठेवता येतो. ०.४४ म्हणजे तो रकाना कच्चा आहे.

कच्चा निघाला तर काय करायचं? बसून ‘चल माझंच खरं मान’ करायचं नाही. ज्या चार बातम्यांवर बिनसलं त्या काढून वाचायच्या. बहुतेक वेळा असं निघते की बातमीत लिहिलं आहे, ‘आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली’. एकानं म्हटलं आरोपी बोलला, म्हणून ‘होय’. दुसऱ्यानं म्हटलं हे तर पोलिसांनीच सांगितलं, म्हणून ‘नाही’. आता नियम पक्का करायचा : पोलिसांनी सांगितलेली कबुली ही आरोपीची बाजू नाही. (कोठडीत पोलिसांपुढं दिलेली कबुली कोर्टसुद्धा पुरावा म्हणून धरत नाही, मग आपण काहून धरावी?) नियम वहीत लिहायचा, अन् त्या चाळीस सोडून नव्या बातम्यांवर दोघांनी पुन्हा वेगवेगळं भरायचं. जुन्याच बातम्यांवर पुन्हा केलं तर जुळणारच, कारण दोघांनाही आता उत्तर माहीत आहे.

कोणी विचारेल, एवढं करून हाती काय येते? दोन गोष्टी येतात.

एक, भारतीय प्रेस परिषदेचे पत्रकारितेचे नियम आहेत. त्यात लिहिलं आहे की माणसाची किंवा वर्गाची जात सांगणं साधारणपणे टाळावं, खास करून ज्या संदर्भात त्या जातीवर कमीपणाचं वर्तन चिकटते तिथं. आधी संपादकाला लिहायचं, उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर परिषदेकडं तक्रार करायची. दैनिकाच्या बाबतीत छापल्यापासून दोन महिन्यांच्या आत. परिषद दंड करू शकत नाही, समज देऊ शकते, निषेध नोंदवू शकते. एका बातमीची तक्रार केली तर संपादक म्हणतो चुकून झालं. वर्षभराचा दोन ढिगांचा तक्ता जोडला तर ‘चुकून’ म्हणणं जड जाते.

दुसरी गोष्ट दाव्याची आहे, अन् ती जास्त कामाची. जुन्या रद्दीत ‘वनजमिनीवर अतिक्रमण, अमुक गावच्या इतक्या जणांवर गुन्हा’ अशी १३ डिसेंबर २००५ च्या आधीची बातमी सापडली तर ती फेकू नका. पेपरनं आपल्याला चोर म्हणून छापलं, पण त्याच बातमीत हे छापलं की त्या तारखेला तो माणूस त्या जमिनीवर होता. वननिवासी अनुसूचित जमातीच्या माणसाला दाव्यात हेच दाखवायचं असते. कात्रण स्वतः पुराव्याच्या यादीत नाही, नियम १३ मध्ये पेपरचं नाव नाही. पण वनखात्याच्या नोंदी अन् कोर्टाचे कागद आहेत. कात्रणावरून तारीख, गाव अन् वनपरिक्षेत्र कळते, ते लिहून माहितीच्या अधिकारात त्या गुन्ह्याच्या नोंदीची, म्हणजे पीओआरची, अन् दंडाच्या पावतीची प्रत मागता येते. प्रत आली की ती दाव्याला लागते. म्हणून तक्त्याच्या शेवटी एक रकाना वाढवा : ‘२००५ पूर्वीच्या ताब्याचा धागा मिळतो का’. प्रबंधात त्याचा उपयोग नाही. आपल्याला आहे.

एक मर्यादा सांगून ठेवतो, नाहीतर आपलेच लोक चुकीचं बोलतील. या तक्त्यावरून ‘पोलीस बेड्यावरच जास्त धाडी घालतात’ असं म्हणता येत नाही. पेपरात छापलेल्या धाडी अन् पडलेल्या धाडी यांत फरक आहे. गाडीतल्या दारूची बातमी दाबली गेली असेल, किंवा बेड्यावरची शंभरावी धाड कोणाला छापावीशी वाटली नसेल. धाडींबद्दल बोलायचं तर ठाण्याची नोंद मागवावी लागेल, ते काम वेगळं.

कॉलेजातल्या मुलामुलींना एवढंच की प्रबंधाच्या मागे नियमांची वही पूर्ण छापा. कोणता शब्द कुठं मोजला, ० कधी अन् ९ कधी, दोघांचं किती जुळलं, कोणता रकाना कच्चा निघाला म्हणून सोडला. मार्गदर्शक म्हणतील पानं वाढतात, तरी छापा. आरोपींची नावं मात्र तक्त्यात असली तरी प्रबंधात छापू नका. एकदा पेपरात आली तेवढी पुरे.

पेपर कापताना मार्जिनवर पेनानं तारीख, आवृत्ती अन् पान लिहा, कात्रणावर ते छापून येत नाही अन् नंतर आठवत नाही. मथळा सुटला पाहिजे नाही. ज्यांच्या घरी किंवा दुकानात जुनी रद्दी आहे त्यांनी विकण्याआधी कळवा. पुढच्या बैठकीत चाळीस बातम्यांवर जोडीनं भरून पाहू. शिसपेन्सील अन् रेघांची वही ज्यानं त्यानं आणावी.